एका आठवड्यात मावशी, प्लंबर, सिलिंडर आणि दोन सर्व्हिसिंगवाले: क्रम कसा लावू?

उंबरठा

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे सगळेच एकदम येणार आहेत आणि माझं डोकं चालेनासं झालंय.

परिस्थिती अशी. स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या अँगल कॉकमधून थेंब थेंब पाणी गळतंय. खाली ठेवलेला डबा रात्रीत भरतो. प्लंबर "सोमवारी अकरापर्यंत येतो" म्हणालाय. पाण्याच्या फिल्टरचं, म्हणजे आरओचं, वार्षिक सर्व्हिसिंग राहिलंय, ते सोमवारीच बाराला लावलंय. म्हटलं, दोघंही सिंकपाशीच येणार तर एकाच दिवशी उरकू. वॉशिंग मशीनवाल्यांनी मंगळवारी दुपारी २ ते ५ अशी वेळ दिलीय. सिलिंडर बुक करायचाय, तो कधी येईल ते देव जाणे. आमच्याकडे सिलिंडर एकच आहे, जोडीचा नाही.

मावशी रोज साडेनऊला येतात, भांडी आणि केर-फरशी करून पावणेअकराला पुढच्या घरी जातात. मी मंगळवारी आणि गुरुवारी घरून काम करते, बाकी दिवस ऑफिस. सोमवारी अर्धी रजा टाकलीय. नवरा सोमवारी पहाटे दौऱ्यावर जातोय, शुक्रवारी रात्री परत.

आणखी एक गंमत म्हणजे गॅसचं कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर आहे. डिलिव्हरीचा कोड त्यांच्या मोबाइलवर जातो. ते दुसऱ्या गावी राहतात आणि दुपारी फोन बंद करून झोपतात.

कसं बसवू हे सगळं?

---

गच्चीवरचा_कावळा

सोप्पं आहे. एक पूर्ण दिवस रजा टाका आणि सगळ्यांना त्याच दिवशी बोलवा. आम्ही दर वर्षी असंच करतो. घर एकदाच अस्ताव्यस्त होतं, एकदाच आवरायचं. आरओवाल्याला सकाळी सगळ्यात आधी बोलवा, कारण तो कंपनीचा माणूस, वेळेवर येतो. प्लंबर काय, आला तर आला.

---

मोगरा

माझ्या ओळखीत एक मावशी आहेत, स्वयंपाकही करतात, फार स्वच्छ हात आहे. तुम्हाला किती वाजता हव्यात? व्यनि करा.

---

उंबरठा

मोगरा, अहो मावशी आहेत आमच्याकडे, आणि त्या जाऊ नयेत हीच इच्छा आहे. :) प्रश्न बाकीच्यांना त्यांच्या वेळेभोवती कसं बसवायचं हा आहे.

कावळेदादा, एकच दिवस हा विचार माझ्याही मनात होता. पण प्लंबर पाणी बंद करणार, मग मशीनवाला काय तपासणार?

---

टाकीवाला

बरोबर जागी बोट ठेवलंत. आमच्या सोसायटीच्या पाणी-ड्रेनेजच्या भानगडी मी कित्येक वर्षं निस्तरतोय, त्यावरून सांगतो. वेळापत्रक माणसांच्या सोयीने लावायला गेलात तर फसाल. ते पाण्याच्या क्रमाने लावा.

तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी प्लंबर पाणी बंद करतो. मावशींना, आरओवाल्याला आणि मशीनवाल्याला पाणी चालू लागतं. सिलिंडरला पाण्याशी देणंघेणं नाही. त्यामुळे प्लंबर आधी, बाकीचे पाण्याचे गडी नंतर, आणि मधे किमान एक रात्र जाऊ द्या. कावळेसाहेब म्हणतात ते अर्धं खरं आहे, कंपनीचा माणूस वेळ पाळतो. पण आरओ आधी आणि प्लंबर नंतर हा क्रम उलटा आहे.

कारण सांगतो. पाणी बंद करून पुन्हा सोडलं की रिकाम्या पाइपांत हवा शिरलेली असते. ती बाहेर पडताना पाइपाच्या आतल्या भिंतीला चिकटलेला गंज, क्षार, माती घेऊन येते. पहिली दोन-चार मिनिटं येणारं ते लालसर-गढूळ पाणी तुम्हीही पाहिलं असेल. ते नव्या सेडिमेंट फिल्टरमध्ये गेलं तर वर्षभर टिकणारी वस्तू पहिल्याच दिवशी मळते. वॉशिंग मशीनच्या मागे पाइप जोडतात तिथे एक बारीक जाळी असते, तिचंही तेच. मग मशीन पाणी हळू घेतं, एरर दाखवतं, आणि आपण म्हणतो "परवाच तर सर्व्हिसिंग केलं होतं!"

शिवाय बहुतेक घरांत आरओला पाणी नेणारा जोड सिंकखालच्या त्याच अँगल कॉकवर बसवलेला असतो. कॉक बदलायचा म्हणजे प्लंबर तो जोड सोडणार. आरओवाल्याने सकाळी सगळं घट्ट बसवून जायचं आणि दुपारी प्लंबरने ते उघडायचं, याला काही अर्थ नाही.

म्हणून सोमवारी प्लंबर ठीक. आरओ बुधवारच्या पुढे ढकला. मशीनवाला मंगळवारी दुपारी चालेल, पण प्लंबर सोमवारी खरंच आला तरच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रविवारीच तुमच्या घराचा मेन व्हॉल्व्ह बंद करून बघा. स्वयंपाकघराची लाइन बंद केलीत की सिंकचा नळ उघडा. पाइपात उरलेलं पाणी थोडा वेळ येईल आणि मग नळ कोरडा व्हायला हवा. पाच मिनिटांनीही बारीक धार चालूच असेल तर तुमचा व्हॉल्व्ह धरत नाही. अशा वेळी प्लंबर कॉक काढूच शकत नाही. काढलाच तर स्वयंपाकघरात कारंजं. मग "गच्चीवरून बंद करावं लागेल, चावी कोणाकडे, वॉचमन कुठंय" असा तास जातो. बाकीच्या रहिवाशांचं पाणी गेलं की त्यांचे फोन वेगळे.

---

गच्चीवरचा_कावळा

च्यायला, म्हणजे माझ्या आरओचा फिल्टर दर वर्षी सहा महिन्यांत जातो तो यामुळे? मी त्या सर्व्हिसिंगवाल्याशी भांडत होतो.

---

टाकीवाला

यामुळेच असेल असं छातीठोक नाही सांगत. टाकी कधी धुतली होती? तेही कारण असू शकतं. टाकी धुतल्यावर दोन दिवस तसाच गाळ येतो.

---

निरांजन

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, धागा भरकटवत असेन तर माफ करा. माझी आई एकटी असते, वय ७८. आम्ही दोघं भाऊ लांब. प्लंबर, सर्व्हिसिंगवाला, कोणीही आलं की ती त्यांच्यामागे उभी राहते आणि दमते. मागच्या वेळी एक जण "मॅडम, कोड सांगा म्हणजे काम सुरू करतो" म्हणाला आणि आईने सांगितला. त्याने दोन बटणं दाबली आणि "पार्ट आणतो" म्हणून गेला तो गेलाच. कंपनीकडे चौकशी केली तर तक्रार बंद, काम पूर्ण अशी नोंद. पुन्हा नव्याने तक्रार, पुन्हा नवी तारीख.

आता मी तिला सांगून ठेवलंय की सगळी माणसं सकाळी दहा ते बारातच बोलवायची, तेव्हा शेजारच्या काकू घरी असतात.

---

चौथा_मजला

निरांजन, हे भरकटणं नाही, हाच मुद्दा उंबरठा यांच्या सिलिंडरला लागू आहे. सर्व्हिसिंगचा असो की सिलिंडरचा, कोड म्हणजे आपली सही. काम संपल्यावर, वस्तू हातात आल्यावर द्यायचा. "काम सुरू करायला लागतो" असं कोणी म्हणालं तर आलेला मेसेज नीट वाचा. काही ठिकाणी सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन वेगळे कोड असतात आणि मेसेजमध्ये तसं लिहिलेलं असतं.

गॅसचं सांगते. कोड सासऱ्यांच्या फोनवर येतो, हरकत नाही. तो बिल तयार झाल्यावर येतो, म्हणजे बहुधा माणूस दारात यायच्या बऱ्याच आधी. तेव्हा सासऱ्यांना सांगून ठेवा की गॅस एजन्सीचा मेसेज आला की दुपारच्या झोपेआधी तो जसाच्या तसा तुम्हाला पाठवायचा. डिलिव्हरीवाल्याने सासऱ्यांना फोन केला तर त्यांनी कोड न सांगता तुमचा नंबर द्यायचा. आणि सवड मिळाली की कनेक्शनला तुमचा नंबर लावून घ्या, हा घोळ कायमचा मिटेल.

---

उंबरठा

म्हणजे कोड माझ्याकडे आला की मी तो मावशींना सांगून ठेवला तर चालेल का? सिलिंडर मी ऑफिसात असताना आला तर?

---

गच्चीवरचा_कावळा

चालेल की. आम्ही कागदावर लिहून फ्रिजवर लावतो. मावशी वाचून दाखवतात.

---

चौथा_मजला

कावळेदादा, तुमच्या घरी चालत असेल, पण मला पटत नाही. सिलिंडर घेताना दोन-तीन गोष्टी बघायच्या असतात आणि त्याची जबाबदारी मावशींवर टाकणं बरोबर नाही. वजन कमी निघालं तर त्या डिलिव्हरीवाल्याशी भांडत बसणार का?

बघायचं काय, तर आधी सील शाबूत आहे का. मग वजन. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन प्रत्येकावर वेगळं, वरच्या कड्याखालच्या पट्टीवर रंगवलेलं असतं. समजा तिथे १५.६ लिहिलंय, तर काटा २९.८ च्या आसपास दिसायला हवा. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असायला हवा आणि आपण मागितला तर त्याने वजन करून दाखवायला हवं. तिसरं, टोपी काढल्यावर व्हॉल्व्हच्या आत रबराची गोल रिंग आहे ना ते बघणं. ती नसेल किंवा चिरलेली असेल तर रेग्युलेटर लावल्यावर गॅस गळतो. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. काडी पेटवून कधीही नाही. हे सगळं तो दारात असतानाच झालं तर तो दुसरा सिलिंडर देतो. गेल्यावर कळलं तर रेग्युलेटर काढा, सुरक्षेची टोपी लावा, खिडक्या उघडा आणि १९०६ ला फोन करा.

पाच मिनिटांचं काम आहे, पण घरचं माणूस हवं.

---

उंबरठा

मग सिलिंडर मंगळवारी किंवा गुरुवारीच यायला हवा. पण तो माझ्या हातात कुठे आहे? आणि आत्ताचा कधी संपेल तेही माहीत नाही. हलवून बघितला तर हलका वाटतोय.

---

चौथा_मजला

हलवून काही कळत नाही, आणि हलवूही नका. वजन करा. नवरा रविवारी घरी आहे ना? शेगडी आणि सिलिंडर दोन्ही बंद करून रेग्युलेटर काढा. आधी त्याला एकट्याला वजनकाट्यावर उभं करा, मग सिलिंडर उभाच धरून. दोन्ही आकडे इथे टाका, सोबत पट्टीवरचं वजन आणि सिलिंडर किती दिवसांपूर्वी लावला तेही.

---

पाटपाणी

मावशींबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते.

उंबरठा, तुमच्या मूळ बेतात सोमवारी अकराला प्लंबर आहे, म्हणजे मावशी गेल्यावर. छान वाटतं. पण "अकरापर्यंत" म्हणणारा प्लंबर पावणेदहालाही उगवतो. मावशींच्या हातात राख-साबणाची भांडी आणि त्याने पाणी बंद केलं तर? त्यांना पुढे तीन घरं असतात. आपल्याकडे वीस मिनिटं अडकल्या की शेवटच्या घरी तासभर उशीर होतो आणि बोलणी त्या खातात.

आम्ही असं करतो. पाणी बंद होणार त्याच्या आदल्या दिवशी मावशींना सांगायचं. दोन बादल्या भांड्यांसाठी आणि एक फरशीसाठी भरून ठेवायची. भांडी आधी, केर-फरशी नंतर, म्हणजे पाणी गेलं तरी अडत नाही. फरशी त्या दिवशी फक्त आतल्या खोल्यांची. स्वयंपाकघराची प्लंबर गेल्यावर आपण पुसायची किंवा दुसऱ्या दिवशी. पुसलेल्या फरशीवरून प्लंबरने चिखलाच्या चपला नेल्या आणि मावशींना पुन्हा पुसायला लावलं, हे मी एकदा केलंय आणि अजून लाज वाटते.

सिंकखालचं सामानही आपणच रात्री काढून ठेवायचं. "मावशी, जरा ते खालचं काढा" हे काम त्यांच्या वेळेत बसत नाही.

---

गच्चीवरचा_कावळा

पण मावशींना घरी थांबवून प्लंबरकडे लक्ष ठेवायला सांगता येतं की. वरचे पैसे द्यायचे.

---

पाटपाणी

त्यांना जमत असेल, त्यांनी आपणहून हो म्हटलं असेल तर ठीक. पण काही बिघडलं, काही हरवलं, तर संशय कोणावर जाणार? पैसे दिले म्हणून तो प्रश्न सुटत नाही.

---

निरांजन

यावर माझं मत थोडं वेगळं आहे. आईकडच्या मावशी बारा वर्षं आहेत, त्या नसत्या तर आईचं एकही काम झालं नसतं. घराघराचा प्रश्न आहे.

---

उंबरठा

रविवार रात्र. अपडेट.

मेन व्हॉल्व्ह बंद करून बघितला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, धार चालूच. करंगळीपेक्षाही बारीक, पण चालूच. टाकीवाला काका, तुमचे उपकार. वॉचमनकडून कळलं की गच्चीवर आमच्या उभ्या लाइनचा वेगळा व्हॉल्व्ह आहे, त्यावर आमच्यासकट पाच घरं. सेक्रेटरींशी बोलून सोमवारी अकरा ते साडेबारा पाणी बंद असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय.

आरओ गुरुवारी सकाळी दहावर नेला. मशीनवाला मंगळवारीच ठेवलाय.

सिलिंडर: नवरा एकटा ६८.४, सिलिंडर धरून ८६.०. पट्टीवर १५.४. लावून ३५ दिवस झाले.

---

चौथा_मजला

८६.० वजा ६८.४ म्हणजे १७.६. त्यातून रिकाम्याचे १५.४ गेले की गॅस राहिला २.२ किलो. १४.२ पैकी १२ किलो ३५ दिवसांत गेला, म्हणजे रोजचा साधारण ३४० ग्रॅम. २.२ किलो सहा दिवस आणि वर थोडा पुरेल.

पण घरचा वजनकाटा अर्धा किलो इकडेतिकडे दाखवू शकतो, आणि तुमच्या हिशोबात अर्धा किलो म्हणजे दीड दिवस. तेव्हा पाचच दिवस धरा. शुक्रवारपर्यंत. नवरा आठवडाभर नाही, त्यामुळे थोडा कमीच लागेल, पण त्यावर विसंबू नका. आज रात्रीच बुक करा. तुमच्याकडे बुकिंगनंतर साधारण किती दिवसांनी येतो?

---

उंबरठा

कधी दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या. म्हणजे मंगळवार किंवा बुधवार. बुधवारी मी ऑफिसात.

---

चौथा_मजला

एजन्सीच्या ऑफिसला सोमवारी सकाळी फोन करा आणि "मंगळवारी किंवा गुरुवारीच पाठवा, बाकी दिवस कुलूप असतं" असं सांगा. कधी ऐकतात, कधी नाही. गाडी आपल्या भागात ठरावीक वारीच येत असेल तर ते तिथेच कळेल. बुधवारी आलाच तर दाराला कुलूप बघून परत नेतील आणि पुन्हा फेरी मारतील. शुक्रवारपर्यंत हातात वेळ आहे म्हणून हा धोका पत्करता येतो. उद्या-परवाच संपणार असता तर मी शेजाऱ्यांना सांगा म्हटलं असतं.

आणि हे झालं की जोडीचा दुसरा सिलिंडर घ्या. मग नियम सोपा: रेग्युलेटर दुसऱ्यावर लावला, त्याच दिवशी बुकिंग. वारांचा ताण राहत नाही.

---

टाकीवाला

उद्याचं अजून एक. गच्चीवरून पाणी बंद करतच आहात तर प्लंबरकडून तुमचा न धरणारा मेन व्हॉल्व्हही बदलून घ्या. पाच घरांचं पाणी पुन्हा कोण बंद करणार? त्याला आज रात्रीच फोन करून सांगा, म्हणजे तो मापाचा व्हॉल्व्ह आणेल. पाइपाचा फोटो पाठवा. नाहीतर "दुकानात जाऊन येतो" म्हणेल आणि दीड तासाचे तीन होतील.

काम सुरू व्हायच्या आधी आरओचा छोटा कॉक आणि मशीनचा नळ बंद करा. पाणी आल्यावर आधी बाथरूमचा खालचा नळ सोडा, ज्याला जाळी नसते तो. पाणी स्वच्छ आलं की मग सिंक. आणि नव्या जोडाखाली रात्री वर्तमानपत्राचा कोरडा कागद अंथरा. हाताला न लागणारा ओलावा कागदावर सकाळी दिसतो. प्लंबरचे सगळे पैसे लगेच देऊन टाकू नका असं मी म्हणत नाही, पण सकाळी फोन केला तर येशील ना, एवढं विचारून ठेवा.

---

उंबरठा

मंगळवार संध्याकाळ.

प्लंबर काल अकराचा सव्वाबाराला आला. पाणी अकरालाच बंद झालेलं. शेजाऱ्यांचे फोन आले ते तुम्ही म्हणाल्याप्रमाणे. मावशी मात्र वेळेत सुटल्या, भरलेल्या बादल्यांतली अर्धी बादली उरली. सिंकखालचं सामान मी रात्रीच काढलं होतं. त्या बघून म्हणाल्या, "आज काय पाहुणे येणारेत?"

जुना अँगल कॉक काढताना त्याचे आटे भिंतीतच राहिले. नुसता कॉक बदलायला गेलेलं काम वाढलं, भिंतीतून तुकडा काढायला पाऊण तास. दोन्ही व्हॉल्व्ह झाले. पाणी आलं पावणेतीनला. अर्ध्या रजेची पूर्ण रजा झाली.

आज सकाळी कागदावर रुपयाएवढा ओला डाग. प्लंबरला फोन केला, तो साडेअकराला आला, पुन्हा टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट केलं. तेवढं करायला घरातलाच नवा व्हॉल्व्ह पुरला, गच्चीवर जावं लागलं नाही. आज मशीनवाला २ ते ५ मध्ये होता, आला साडेचारला. त्याने मागची जाळी काढून दाखवली, लाल कण अडकलेले. म्हणाला काल पाणी बंद होतं का? मी मशीनचा नळ बंद करायला विसरले होते.

सिलिंडर आज आला नाही. सासऱ्यांकडे कोडही आला नाही.

---

टाकीवाला

आटे भिंतीत राहणं हे जुन्या कॉकचं नेहमीचं. यात तुमची किंवा त्याची चूक नाही. आजची रात्र पुन्हा कागद ठेवा. कोरडा निघाला तरच गुरुवारचा आरओ कायम ठेवा.

---

उंबरठा

गुरुवार रात्र.

बुधवारी सकाळी कागद कोरडा, आजही कोरडा.

सिलिंडर बुधवारी आला. मी ऑफिसात. कोड सासऱ्यांनी मला सकाळीच पाठवला होता, शब्दशः, खाली "आशीर्वाद" लिहून. डिलिव्हरीवाल्याचा फोन आला तेव्हा मी सांगितलं की घरी कोणी नाही, उद्या आणा. तो नाराज झाला, पण आज दुपारी घेऊन आला. वजन करा म्हटल्यावर "काटा गाडीत राहिला" म्हणाला. थांबते म्हटलं, तर आणला. पट्टीवर १५.९, काट्यावर ३०.१. रिंग होती. कोड त्यानंतर दिला.

आरओवाला दहाचा दहालाच आला, कावळेदादा जिंकले. तीनही फिल्टर बदलले. पहिलं भरलेलं पाणी काळपट येतं, कार्बनची पूड असते, ते पिऊ नका म्हणाला. एक पूर्ण टाकी भरून सोडून दिली, भरायला दोन तास गेले. ते पाणी बादलीत काढून ठेवलंय, उद्या फरशीला.

एक प्रश्न राहिला. आरओला जाणारा छोटा जोड जुनाच आहे आणि त्याची चावी कडक झालीय. आरओवाला म्हणतो तो प्लंबरचा, प्लंबर म्हणाला होता तो आरओवाल्याचा. आत्ता गळत नाहीये. कोणाकडून बदलून घेऊ?

---

गच्चीवरचा_कावळा

आरओवाल्याकडून. त्याच्या बॅगेत तो असतोच.

---

टाकीवाला

माझा अनुभव उलटा आहे. त्यांच्याकडे प्लास्टिकचा असतो. पितळी हवा असेल तर आपण आणून प्लंबरकडून बसवून घ्यायचा. पण मग आरओवाले कधीकधी म्हणतात की बाहेरच्या माणसाने हात लावला, आता गळलं तर आमची जबाबदारी नाही. कंपनीला आधी विचारून घ्या.

---

निरांजन

आईकडे प्लास्टिकचाच आहे, पाच वर्षं झाली, काही झालं नाही. आता हे वाचून तिला फोन करून व्हॉल्व्ह बंद करून बघायला सांगावंसं वाटतंय, पण ती स्टुलावर चढेल. शेजारच्या काकूंच्या मुलाला सांगतो.

---

मोगरा

उंबरठा, तुमचा प्लंबर पुन्हा दुसऱ्या दिवशी आला?! त्याचा नंबर व्यनि कराल का?